पेनल्टीचा ρ वाढवला की सॉल्व्हर का अडखळतो, आणि बॅरियर घेतल्याने ते का सुटत नाही

प्रश्न: एक समता-बंधन असलेलं फंक्शन किमान करायचं आहे. क्वाड्रॅटिक पेनल्टी लावून सायपायमधला बीएफजीएस चालवतो. ρ हजारापर्यंत सगळं ठीक चालतं, त्यापुढे फेऱ्या वाढत जातात आणि `1e10` ला तो `Desired error not necessarily achieved due to precision loss.` म्हणून थांबतो. मला बंधन `1e-8` पर्यंत पाळलेलं हवं आहे. ρ वाढवला नाही तर बंधन पाळलं जात नाही, वाढवला तर सॉल्व्हर चालत नाही. बॅरियर पद्धत घेतली तर सुटेल का?

उत्तर:

नाही सुटणार. बॅरियरचा हेसियन अगदी त्याच पद्धतीने बिघडतो, आणि वर न्यूटनच्या पावलाची एक नवी अडचण येते, ती पुढे दाखवतो. शिवाय बॅरियर असमता-बंधनांसाठी असतो. समता-बंधनाला आतली बाजूच नसते, त्यामुळे तुमच्या प्रश्नाला तो थेट लागूही पडत नाही. तुमच्यासाठी खरा मार्ग म्हणजे लॅग्रान्ज गुणक λ हा ρ च्या आड दडवून न ठेवता वेगळी राशी म्हणून सांभाळणं. हे का, ते कळण्यासाठी हाताने सोडवता येईल इतकं छोटं उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू.

`f(x,y) = x² + 2y²` किमान करायचं, बंधन `c(x,y) = 3 − x − y = 0`. उत्तर x = २, y = १, आणि गुणक λ = ४. पेनल्टी लावल्यावर आपण प्रत्यक्षात हे किमान करतो:

```
Q(x,y) = x² + 2y² + (ρ/2)·(3 − x − y)²
```

दोन्ही अवकलजं शून्य ठेवली की `2x = ρc` आणि `4y = ρc` मिळतं. त्यावरून `c = 12/(4 + 3ρ)`. ρ दहा असताना बंधन ०.३५३ ने मोडलेलं राहतं, शंभर असताना ०.०३९५ ने, हजार असताना ०.००४ ने. आता `ρc` या गुणाकाराकडे बघा. तो ३.५३, ३.९५, ३.९९५ असा ४ कडे चालला आहे. हा योगायोग नाही. समतोलासाठी f च्या ग्रेडियंटला बंधनाच्या बाजूने ४ एवढा विरोध लागतो. साध्या पेनल्टीत तो विरोध फक्त `ρc` मधूनच येऊ शकतो. म्हणजे बंधन थोडं मोडलेलं ठेवल्याशिवाय विरोध निर्माणच होत नाही, आणि मोड लहान हवी तर ρ मोठा घ्यावाच लागतो. तुमच्या `1e-8` साठी या उदाहरणात ρ सुमारे ४० कोटी, म्हणजे `4e8`, लागेल. तुमची सगळी कोंडी इथून सुरू होते.

आता हेसियन पाहू.

```
[ 2+ρ    ρ  ]
[  ρ    4+ρ ]
```

याची आयगेनमूल्यं `3 + ρ ± √(1 + ρ²)`. मोठं मूल्य जवळपास `2ρ + 3`, आणि लहान मूल्य ρ कितीही वाढवला तरी ३ च्या आसपासच थांबतं. ते ३ कुठून आलं? बंधनाच्या रेषेवरून चालताना (x एकाने वाढला की y एकाने घटतो, त्या दिशेला) f ची जी वक्रता आहे ती बरोबर ३ आहे. बंधनाला काटकोनातल्या दिशेला मात्र वक्रता ρ बरोबर वाढत जाते. दोन्ही बाजूंना उभे कडे आणि तळाला जेमतेम उतार असलेली घळ असावी तसा Q चा आकार होतो. कंडिशन नंबर सुमारे `2ρ/3`: ρ दहा असताना ७.८, हजार असताना ६६८, दहा लाख असताना साधारण ६ लाख ६७ हजार.

हे चित्र दोन चलांपुरतं नाही. n चलं आणि m सक्रिय, एकमेकांपासून स्वतंत्र बंधनं असतील तर m आयगेनमूल्यं ρ च्या प्रमाणात वाढतात आणि उरलेली `n − m` मर्यादित राहतात. बॅरियर आणि पेनल्टीच्या हेसियनच्या आयगेनमूल्यांचं हे विश्लेषण वॉल्टर मरे यांनी १९७१ मध्ये मांडलं. कंडिशन बिघडते, पण ती वाटेल तशी बिघडत नाही. कोणत्या दिशा ताठ होणार आणि किती, हे आपल्याला आधीच माहीत असतं. पुढचे सगळे उपाय या एका माहितीवर उभे आहेत.

आधी तुमचा सॉल्व्हर नेमका का थांबला ते बघू. इथे दोन वेगळी कारणं आहेत आणि लोक ती एकात एक मिसळतात.

पहिलं कारण वेगाचं. ग्रेडियंट डिसेंट सर्वोत्तम स्थिर पावलाने चालवला तरी प्रत्येक फेरीत चूक `(κ−1)/(κ+1)` या पटीने घटते, इथे κ म्हणजे कंडिशन नंबर. ρ हजार असताना उत्तराचा एक दशांश अंक मिळवायला सुमारे ७७० फेऱ्या लागतात, ρ दहा लाख असताना साडेसात लाखांहून जास्त. बीएफजीएस याहून खूप हुशार आहे, कारण ताठ दिशा कोणत्या ते तो चालता चालता शिकतो. पण ρ दसपट केला की त्या दिशांमधली शिकलेली वक्रता एकदम जुनी होते, आणि `minimize` नव्याने हाक मारली की तो एकक मॅट्रिक्सपासून पुन्हा सुरुवात करतो. फेऱ्या वाढताना दिसतात त्या यामुळे.

दुसरं कारण दशांश अंकांचं, आणि तुमचा एरर मेसेज त्याचाच आहे. किमान बिंदूजवळ Q ची किंमत सुमारे ६ आहे. डबल प्रिसिजनमध्ये ६ च्या शेजारचा पुढचा आकडा सुमारे `9e-16` अंतरावर असतो, त्याहून लहान फरक लाइन सर्चला दिसूच शकत नाही. आता `(ρ/2)c²` मध्ये ρ = `1e10` घाला आणि हा फरक कधी `9e-16` होतो ते काढा: c सुमारे `4e-13` ने हलला की. पण तेवढ्या हलण्याने ग्रेडियंट `ρ` पटीने, म्हणजे `4e-3` ने बदलतो. म्हणजे ग्रेडियंट अजून `4e-3` एवढा शिल्लक असताना फंक्शनच्या किमतींवरून "खाली गेलो की वर" हे ठरवणंच अशक्य झालेलं असतं. सायपायच्या बीएफजीएसची ग्रेडियंटची मूळ मर्यादा `1e-5` आहे. तिथपर्यंत पोचायला लागणारी माहिती किमतींमध्ये उरलेलीच नाही. लाइन सर्चला मान्य होणारं पाऊल सापडत नाही आणि तो प्रामाणिकपणे तसं सांगून थांबतो.

हाच हिशोब सर्वसाधारण करून ठेवा: ग्रेडियंटचा तळ साधारण `√(2·ρ·δ)`, जिथे δ म्हणजे Q च्या किमतीजवळच्या दोन आकड्यांमधलं अंतर. ρ हजार असताना हा तळ `1.3e-6` येतो, मर्यादेच्या खाली, म्हणून सगळं सुरळीत. ρ एक लाख झाला की तळ `1.3e-5`, म्हणजे मर्यादेच्या किंचित वर. तुमच्या फंक्शनच्या किमती वेगळ्या असतील, पण "हजारापर्यंत ठीक" हे तुमचं निरीक्षण या हिशोबाशी जुळतं.

आणि `jac` दिला नसेल तर आधी तो द्या. न दिल्यास सायपाय सुमारे `1.5e-8` एवढं पाऊल टाकून एकतर्फी फरकाने अवकलज काढतो. त्यातली चूक दुसऱ्या अवकलजाच्या निम्मे गुणिले पाऊल एवढी असते. आपल्या उदाहरणात ρ हजार असताना ती `7.5e-6`, म्हणजे मर्यादेला टेकलेली. ρ `1e10` असताना ती ७५ होते. ग्रेडियंटमध्ये ७५ ची चूक असताना कोणताही सॉल्व्हर काहीही करू शकत नाही, आणि त्याचा दोष ρ च्या सिद्धांतावर टाकून उपयोग नाही.

आता न्यूटनकडे वळू, कारण इथे बहुतेकांची समजूत चुकते. "कंडिशन नंबर `1e10`, म्हणजे न्यूटनचं पाऊल सहा अंकांपलीकडे विश्वासार्ह नाही" असं सर्रास म्हटलं जातं. तो नियम कोणत्याही उजव्या बाजूसाठी, वाईटात वाईट परिस्थितीचा आहे. आपली उजवी बाजू कोणतीही नाही. तिचा मोठा भाग `ρc` मधून येतो आणि तो ताठ दिशेतच असतो, जिथे मोठ्या आयगेनमूल्याने भागून तो आटोक्यात येतो. खरा तोटा वेगळ्या जागी होतो. `2+ρ` आणि `4+ρ` या बेरजा करताना f ची वक्रता सांगणारे २ आणि ४ हे आकडे ρ च्या शेपटीत जाऊन बसतात. ρ `1e8` असताना त्यांचे साधारण आठ अंक वाचतात. `1e15` ला एखाददुसरा वाचतो. `1e17` ला शेजारच्या दोन आकड्यांमधलं अंतर १६ असतं, त्यामुळे २ आणि ४ दोन्ही पूर्ण पुसले जातात, चारही खान्यांत एकच आकडा उरतो आणि मॅट्रिक्स खऱ्या अर्थाने सिंग्युलर होतो.

म्हणजे माहिती गमावली ती बेरीज केल्यामुळे. मग ती बेरीज करायचीच नाही. न्यूटनचं समीकरण असं आहे:

```
(H + ρ·AᵀA) p = −(g + ρ·Aᵀc)
```

H हा f चा हेसियन, g ग्रेडियंट, A बंधनाचा जेकोबियन (आपल्याकडे `[−1 −1]`). बंधन वक्र असेल तर `ρ·c` गुणिले बंधनाचा हेसियन ही भर H मध्येच धरायची. `ρc` मर्यादित असल्यामुळे तीही मर्यादित राहते. आता `w = ρ(c + Ap)` हे नवं चल आणा:

```
[ H     Aᵀ  ] [p]     [g]
[ A   −1/ρ  ] [w] = − [c]
```

पाऊल p तेच, गणिताच्या दृष्टीने एका अक्षराचा फरक नाही. पण ρ आता मोठा आकडा म्हणून कुठेच येत नाही, `1/ρ` म्हणून येतो आणि शांतपणे शून्याकडे जातो. शून्य झाल्यावर उरतो तो लॅग्रान्जच्या अटींचा नेहमीचा मॅट्रिक्स, जो बंधनं स्वतंत्र असतील आणि बंधनावरची वक्रता धन असेल तर सिंग्युलर नसतो. स्वतः चालवून बघा:

```python
import numpy as np
D = np.diag([2.0, 4.0])
A = np.array([[-1.0, -1.0]])
for rho in [1e1, 1e3, 1e6, 1e12]:
    H = D + rho * A.T @ A
    K = np.block([[D, A.T], [A, np.array([[-1/rho]])]])
    print(rho, np.linalg.cond(H), np.linalg.cond(K))
```

पहिला कंडिशन नंबर ७.८ पासून सुरू होऊन ρ बरोबर वर वर जातो. दुसरा सगळीकडे ६ ते ७ च्या आसपास राहतो. हा मॅट्रिक्स धन-निश्चित नसतो हे मात्र लक्षात ठेवा. चोलेस्की चालणार नाही, सममित अनिश्चित मॅट्रिक्ससाठीचं LDLᵀ विघटन घ्यावं लागतं. आणि w कडे नीट बघा: ते म्हणजे λ चाच अंदाज. ρ ला दिलेलं काम आता λ ने उचललेलं आहे.

बॅरियरमध्ये काय होतं ते आता त्याच उदाहरणात दिसेल. बंधन `x + y ≥ 3` असं असमतेचं करू आणि `s = x + y − 3` म्हणू. किमान करायचं फंक्शन:

```
B(x,y) = x² + 2y² − μ·ln(s)
```

किमान बिंदूवर `μ/s` म्हणजे λ चा अंदाज, म्हणून s साधारण `μ/4`. हेसियनमध्ये ρ च्या जागी `μ/s²` येतो, आणि तो साधारण `λ²/μ`, म्हणजे `16/μ` होतो. μ = `1e-6` म्हणजे ρ = `1.6e7` सारखंच, कंडिशन नंबर सुमारे `1.07e7`. तेव्हा कंडिशनच्या बाबतीत बॅरियर आणि पेनल्टी यांत निवडण्यासारखं काही नाही.

लॉगरिदमिक बॅरियर रॅग्नर फ्रिश यांच्याकडून १९५५ मध्ये आला, क्वाड्रॅटिक पेनल्टी त्याआधी १९४३ मध्ये रिचर्ड कुरांट यांच्याकडून. १९६० च्या दशकात फियाको आणि मॅककॉर्मिक यांनी त्यावर मोठी बांधणी केली, आणि सत्तरच्या दशकात या पद्धती मागे पडल्या. कारण म्हणून बिघडत जाणाऱ्या हेसियनकडेच बोट दाखवलं गेलं. मग १९८४ मध्ये बेल लॅब्जमध्ये असलेल्या नरेंद्र करमरकर यांनी, आयआयटी मुंबईत शिकलेल्या आपल्या माणसाने, लिनिअर प्रोग्रॅमिंगसाठी आतून जाणारी पद्धत मांडली. १९८६ मध्ये गिल, मरे, सॉन्डर्स, टॉमलिन आणि राइट यांनी तिचं लॉगरिदमिक बॅरियरशी असलेलं नातं सिद्ध केलं आणि टाकून दिलेला बॅरियर पुन्हा मध्यभागी आला. मार्गारेट राइट यांनी नव्वदच्या दशकात दाखवलं की बॅरियरमधली खराब कंडिशन वाटते तितकी घातक नाही, आणि साध्या बॅरियरमध्ये न्यूटनचं पाऊल मात्र खरोखर वाईट पडतं. मला हा सगळ्यात महत्त्वाचा धडा वाटतो, म्हणून तो आकड्यांत दाखवतो.

μ = ०.१ साठी किमान बिंदू अचूक काढता येतो: y = १.००८३, x = २.०१६५, s = ०.०२४८. आता μ दसपट कमी करून ०.०१ करू आणि इथूनच न्यूटनचं एक पाऊल टाकू. ग्रेडियंटचे दोन्ही घटक ४.०३३ वजा ०.४०३, म्हणजे ३.६३. हेसियनमधली भर `μ/s²` म्हणजे १६.२७. हे सोडवलं की x + y मधला बदल −०.२०६ येतो. पण भिंतीपर्यंत अंतर होतं फक्त ०.०२४८! पूर्ण पाऊल टाकलं तर s होतो −०.१८, लॉगरिदम काढताच येत नाही. पावलाचा जेमतेम १२ टक्के भाग वापरता येतो. जायचं होतं s = ०.००२५ ला, तिथे ही दिशा वाटेतच आपटते.

हे या उदाहरणाचं वैशिष्ट्य नाही. भिंतीला काटकोनात विचार केला तर μ `τ` पटीने घटवल्यावर नवा s हा जुन्या s च्या सुमारे `2 − 1/τ` पट येतो. τ अर्ध्याहून लहान असेल तर ही संख्या ऋण होते. म्हणजे साध्या बॅरियरमध्ये μ एका वेळी निम्म्याहून जास्त उतरवला की पहिलं पूर्ण पाऊल नेमकं बाहेर पडतं, आणि हे घडतं ते राउंडिंग एररशिवाय, कागदावरच्या अचूक गणितात. कंडिशन नंबर सुधारून हे बरं होणार नाही. `ln(s)` चं भिंतीजवळचं वळण इतकं जोरदार आहे की त्याचं द्विघाती रूप s एवढ्याच अंतरापर्यंत खरं असतं.

यावरचा उपाय पुन्हा तोच: λ वेगळा करा. `λ = μ/s` या भागाकाराऐवजी `s·λ = μ` हा गुणाकार लिहा आणि x, y, λ तिघांवर एकत्र न्यूटन चालवा. भागाकाराची वक्रता भिंतीजवळ बेफाम असते, गुणाकाराची नसते. वरच्याच बिंदूवरून, λ = ४.०३३ धरून, μ = ०.०१ साठी पाऊल काढा. f रेषीय असती तर s एका पावलात बरोबर `μ/λ` वर उतरला असता. इथे f द्विघाती आहे, तरी s येतो सुमारे ०.००२७, लक्ष्य ०.००२५ च्या अगदी शेजारी आणि आतच. आजचे इंटिरिअर पॉइंट सॉल्व्हर, उदाहरणार्थ `IPOPT`, या प्रायमल-ड्युअल रूपावरच चालतात आणि म्हणून μ भराभर उतरवू शकतात.

आता तुमच्या समता-बंधनाकडे. ऑगमेंटेड लॅग्रान्जियन घ्या, जो हेस्टेनेस आणि पॉवेल यांनी १९६९ मध्ये स्वतंत्रपणे सुचवला:

```
L(x,y) = f + λ·c + (ρ/2)·c²
```

λ स्थिर ठेवून किमान करायचं, मग `λ ← λ + ρc` असा बदलायचा, पुन्हा किमान करायचं. आता लागणारा विरोध λ मधून येतो, त्यामुळे c शून्यावर जायला ρ अनंताला नेण्याची गरज उरत नाही. आपल्या उदाहरणात λ मधली चूक प्रत्येक फेरीत `1 + 0.75ρ` ने भागली जाते. ρ दहावरच ठेवला तर भाजक ८.५. शून्यापासून सुरू केलं की λ जातो ३.५२९, ३.९४५, ३.९९३, ३.९९९ असा, आणि दहाव्या फेरीत बंधन `1e-8` च्या आत येतं. या सगळ्या वेळात कंडिशन नंबर ७.८ वरच. हेच साध्या पेनल्टीने करायचं तर ρ = `4e8` आणि कंडिशन नंबर सुमारे `2.7e8`. ρ शंभर ठेवला तर पाच फेऱ्यांत काम होतं, कंडिशन नंबर ६८. तुमच्या बीएफजीएसला ६८ म्हणजे काहीच नाही.

ρ किती ठेवायचा हा व्यवहाराचा भाग. मी ρ आपोआप दसपट करत नाही. आधीच्या फेरीच्या तुलनेत बंधनाची मोड निदान चौपट घटली असेल तर ρ तसाच ठेवून फक्त λ बदलायचा, घटली नसेल तरच ρ वाढवायचा. f बहिर्वक्र नसेल तर ρ ला एक किमान उंबरठा असतो, त्याखाली L ला किमान बिंदूच मिळत नाही. अशा वेळी आतला सॉल्व्हर चलं अमर्याद मोठी करत सुटतो, ती खूण ओळखून ρ वाढवा. आणि सुरुवातीला बंधनं सारख्या मापात आणा. एक बंधन मिलिमीटरमध्ये आणि दुसरं किलोन्यूटनमध्ये असेल तर एकच ρ दोघांवर लावणं म्हणजे कंडिशन स्वतःच्या हाताने बिघडवणं आहे.

शेवटी, तुमच्याकडची बिघडलेली कंडिशन ही पेनल्टीची आहे की मूळ प्रश्नाचीच, हे तपासायची एक सोपी पद्धत आहे. चलं शे-दोनशे असतील तर दोन वेगळ्या ρ साठी, म्हणजे समजा हजार आणि एक लाख, किमान बिंदूवरच्या हेसियनची आयगेनमूल्यं छापा. जी शंभरपट वाढली ती मोजा. ती संख्या सक्रिय बंधनांइतकी आली आणि उरलेली जागच्या जागी राहिली, तर दोष फक्त पेनल्टीचा आहे आणि वरचे उपाय पुरेसे आहेत. वाढलेली मूल्यं बंधनांपेक्षा कमी आली तर तुमची बंधनं एकमेकांवर अवलंबून आहेत, एखादं दुसऱ्याचीच पुनरुक्ती आहे. तेव्हा λ एकमेव राहत नाही आणि वरचा मोठा मॅट्रिक्सही `1/ρ` शून्याकडे जाताना सिंग्युलर होतो. तिथे ρ मर्यादित ठेवणारा ऑगमेंटेड लॅग्रान्जियनच जास्त टिकाऊ ठरतो, कारण `−1/ρ` चा तो खाना भरलेला राहतो. उरलेल्या मूल्यांपैकी एखादं दोन्ही ρ ना शून्याच्या जवळ असेल, तर बंधनावरून चालताना f तिथे जवळपास सपाट आहे. अशा वेळी उत्तराची ती दिशाच तुमच्या मॉडेलने ठरवलेली नाही, आणि पेनल्टी, बॅरियर किंवा λ यांपैकी काहीही वापरलं तरी ती ठरणार नाही. त्यासाठी f मध्येच काहीतरी घालावं लागेल.